लांब मेसेज, छोटा रिप्लाय (डेटिंग ॲपवरचा असमतोल)

डेटिंग ॲपवर मॅच झाल्यावर एकजण पॅराच्या पॅरा लिहितोय आणि दुसरा दोन शब्दांत उरकतोय, असं बऱ्याचदा होतं. लिहिणाऱ्याला वाटतं की समोरच्याला इंटरेस्टच नाही, आणि छोटं लिहिणाऱ्याला तो पॅरा बघूनच दडपण येतं, मग तो "रात्री निवांत लिहितो" म्हणून बाजूला ठेवतो आणि ती रात्र काही येत नाही.

यात लांबीला लोक उगाच जास्त भाव देतात. खरं बघायचं ते हे की रिप्लायमध्ये तुमच्या मेसेजमधलं काही उचललंय का, आणि पुढे काही विचारलंय का. कॅरन हुआंग आणि सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास आहे, त्यात प्रश्न विचारणारी माणसं समोरच्याला जास्त आवडली, त्यातही समोरच्याच्या बोलण्याचा धागा पकडून पुढचं विचारणारे प्रश्न, आणि स्पीड डेटिंगमध्ये असे प्रश्न जास्त विचारणाऱ्यांना दुसऱ्या भेटीसाठी होकारही जास्त मिळाले. म्हणजे आठ शब्दांचा रिप्लायसुद्धा चालतो, त्यात धागा पकडलेला हवा.

उदाहरण घेऊ. समोरून येतं: "नवीन जॉब लागलाय, टीममध्ये अजून कोणी ओळखीचं नाही, शनिवारी परत पेंटिंग सुरू केलं, पाच वर्षांनी ब्रश हातात घेतला, बहीण आलीय त्यामुळे झोपेचं खोबरं, आणि तुझा तो डोंगरातला फोटो कुठला आहे?" यावर "हाहा भारी, बिझी वीकेंड!" असा रिप्लाय गेला की संपलं. चार विषय आले होते, एकही उचलला नाही, सरळ विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही नाही. पण चारही विषयांना एकेक करून उत्तर देणंही चुकीचंच, कारण मग पुढचा मेसेज सहा विषयांचा येतो, त्याला उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि चॅट म्हणजे होमवर्क होऊन बसतं. त्यापेक्षा एकच विषय घ्यायचा: "पाच वर्षांनी ब्रश! पहिलं काय काढलंस? फोटो एका ट्रेकचा आहे, वर पोचेपर्यंत मी अर्धमेला झालो होतो." बस, एवढंच. विचारलेल्याचं उत्तर झालं, स्वतःबद्दल थोडं आलं, एक प्रश्न गेला, बाकीचे विषय सोडून दिले तरी कोणी रागवत नाही.

टाइप करायचाच कंटाळा असेल तर ते लवकर सांगून टाकावं, "मी लिहायला आळशी आहे पण तुझे मेसेज वाचायला आवडतात, फोनवर बोलूया का?" असं. न सांगता छोटं लिहित राहिलं तर समोरचा स्वतःच अर्थ लावतो, आणि तो अर्थ सहसा वाईटच असतो.

उलट बाजू जरा अवघड, म्हणजे आपणच लांब लिहिणारे असलो तर. रिप्लाय छोटा आला की आणखी खुलवून लिहायचा मोह होतो, किंवा लगेच दुसरा मेसेज टाकायचा, पण त्याने दरी वाढतेच. पुढचा मेसेज साधारण निम्मा करावा, त्यात एकच प्रश्न ठेवावा आणि उत्तराची वाट बघावी. बरेचदा समोरचा मोकळा होतो, कारण आता कुठल्या मुद्द्याला उत्तर द्यायचं ते त्याला कळतं. दोन-तीन वेळा असं करूनही "हो", "छान", "बघू" एवढंच येत असेल आणि उलटा प्रश्न एकदाही येत नसेल, तर ती लिहायची स्टाइल नाही, खरंच रस नाही असं धरायला हरकत नाही. रुसून आपणही "हो", "छान" सुरू करणं मात्र टाळावं, त्यात दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात आणि चॅट मरतं.

लांब मेसेज म्हणजे जास्त प्रेम असंही नाही. त्या पॅरात तुमच्या प्रोफाइलमधलं काहीच नसेल, कोणालाही पाठवता येईल असा असेल, तर तो कॉपी-पेस्ट असू शकतो. आणि खऱ्या लांब मेसेजमध्येही एक अडचण असते, संवादाचा अभ्यास करणारे संशोधक जोसेफ वॉल्थर यांनी 1996 मध्ये ती मांडली होती: नुसत्या लिखाणातून ओळख होते तेव्हा लिहिणारा स्वतःची निवडक चांगली बाजू दाखवतो आणि वाचणारा राहिलेल्या जागा आपल्या मनाने भरतो. त्यामुळे दोघंही भरभरून लिहिणारे असले तरी आठवडेच्या आठवडे नुसतं लिहित बसण्यापेक्षा एक छोटा कॉल लवकर केलेला बरा. मेसेजमध्ये तुटक वाटणारी काही माणसं कॉलवर थांबता थांबत नाहीत.