टिकलर फाइल

पुढे एखाद्या ठरावीक दिवशी लागणारा कागद त्याच दिवशी समोर यावा, यासाठी तारखेनुसार लावलेल्या फोल्डरांच्या संचाला टिकलर फाइल म्हणतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकी कचेऱ्यांत ती बहुधा कार्डांच्या पेटीच्या रूपात असे. वकील, बँका आणि विमा कंपन्या मुदती सांभाळण्यासाठी ती वापरत. आज प्रचलित असलेली ४३ फोल्डरांची रचना डेव्हिड अ‍ॅलन यांच्या ‘गेटिंग थिंग्ज डन’ (२००१) या पुस्तकामुळे कचेऱ्यांबाहेरही पोहोचली.

४३ फोल्डरांपैकी ३१ तारखांचे आणि १२ महिन्यांचे असतात. तारखांच्या फोल्डरांवर महिन्याचे नाव नसते, कारण ते फिरते असतात. १२ जूनच्या सकाळी १२ आकड्याचा फोल्डर सर्वांत पुढे असतो. तो उघडून रिकामा करायचा आणि ‘जुलै’ फोल्डरच्या मागे, ११ नंतर, ठेवायचा. आता तो १२ जुलैचा झाला. म्हणजे त्या दिवशी पुढून मागे असा क्रम दिसतो: १३ ते ३१, मग जुलै, मग १ ते १२, मग ऑगस्ट, सप्टेंबर आणि पुढचे महिने. जून ३० दिवसांचा असल्याने ३१ चा फोल्डर त्या महिन्यात रिकामाच राहतो आणि ३० च्या पाठोपाठ मागे जातो. महिना संपताना ‘जुलै’ फोल्डरमधले कागद ज्या त्या तारखेत वाटायचे आणि तो रिकामा फोल्डर ‘जून’च्या मागे, रांगेच्या शेवटी, टाकायचा.

महिन्याचे फोल्डर कशासाठी, हे एका उदाहरणातून स्पष्ट होते. शुक्रवारी, १२ जून २०२६ रोजी दिवाणी न्यायालयाने एखाद्या पक्षकाराविरुद्ध हुकूमनामा दिला, असे समजू. जिल्हा न्यायालयात अपील करण्याची मुदत ३० दिवसांची. मुदत अधिनियम, १९६३ नुसार निकालाचा दिवस मोजायचा नसतो, म्हणून शेवटचा दिवस १२ जुलै येतो, आणि तो रविवार आहे. न्यायालय बंद असल्यास ते उघडेल त्या दिवशी अपील दाखल करता येते. निकालाची नक्कल मिळण्यात गेलेले दिवसही वगळले जातात. पण सावध वकील या दोन्ही सवलती हिशेबात धरत नाही. त्याचा कारकून तीन चिठ्ठ्या लिहितो. ‘नकलेच्या अर्जाचे काय झाले?’ ही चिठ्ठी १६ च्या फोल्डरमध्ये जाते. ‘अपिलाचा मसुदा तपासणे’ ३ मध्ये आणि ‘आज दाखल करणे’ १० मध्ये जाते, कारण हे दोन्ही फोल्डर आधीच जुलैचे झालेले आहेत. दुसऱ्या एका प्रकरणाची पुढची तारीख २५ जुलै असेल, तर मात्र तिची चिठ्ठी २५ मध्ये टाकता येत नाही. तो फोल्डर अजून २५ जूनचा आहे. ती ‘जुलै’मध्ये जाते आणि महिनाअखेरीच्या वाटपात २५ वर पोहोचते.

चिठ्ठीवर मुदतीचा शेवटचा दिवस लिहावा, पण ती फोल्डरमध्ये टाकताना काम सुरू करायचा दिवस धरावा. नवखे हटकून शेवटचीच तारीख धरतात. मग कागद वेळेवर उगवतो आणि काम मात्र बुडते. मूळ प्रकरणही आत ठेवू नये. इतरांना ते हवे असेल तर कुठे शोधावे हे कळणार नाही. प्रकरण कुठल्या कपाटात आहे एवढे चिठ्ठीवर लिहिणे पुरे.

खरी घसरण होते ती एखादा दिवस चुकल्यावर. १४ तारखेचा फोल्डर न उघडताच मागे गेला, तर त्यातली चिठ्ठी महिनाभर दिसणार नाही. म्हणून मागे ठेवण्यापूर्वी फोल्डरमध्ये हात घालून तो रिकामा असल्याची खात्री करतात. सर्वांत पुढचा फोल्डर आजच्या आधीच्या तारखेचा असेल, तर मधले सगळे फोल्डर आधी उघडायचे. कचेरीच्या सुट्टीच्या दिवसाची चिठ्ठी टाकतानाच आदल्या कामाच्या दिवसात टाकलेली बरी.

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांतली सहा गठ्ठे पद्धत हिच्याशी थोडी जुळते. तीत प्रतीक्षाधीन, म्हणजे उत्तराची वाट पाहणाऱ्या, प्रकरणांचा आणि नियतकालिकांचा, म्हणजे ठरावीक काळाने पाठवायच्या अहवालांचा, वेगवेगळा गठ्ठा असतो. पण ही मांडणी कागदाच्या प्रकारानुसार असते. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यातले कोणते प्रकरण आज काढायचे, हे केवळ गठ्ठा सांगत नाही. वकिलाच्या डायरीत तारीख असते, पण तिथे नोंद वाचून कागद शोधायला जावे लागते.

४३ फोल्डरांना वर्ष कळत नाही. वचनचिठ्ठीवरील दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. तिची चिठ्ठी दरवर्षी त्याच महिन्यात समोर येईल, म्हणून तिच्यावर साल ठळक लिहून ती दरवेळी पुन्हा त्याच महिन्याच्या फोल्डरमध्ये ठेवावी लागते. काही कचेऱ्या पुढच्या सालांसाठी एक जादा फोल्डर रांगेच्या शेवटी लावतात आणि डिसेंबरअखेर तो उघडून पाहतात.