इशारा पाहिला की हस्तक्षेप केला? रुग्णालयातील फार्मासिस्टच्या रेझ्युमेतला नेमका फरक

रुग्णालयातील जागेसाठी येणाऱ्या बहुतेक रेझ्युमेंमध्ये 'औषधांच्या परस्परक्रिया तपासल्या' ही ओळ हमखास असते, आणि तिच्यावरून उमेदवाराने नक्की काय केले हे कधीच कळत नाही. सॉफ्टवेअरने दाखवलेला इशारा पाहणे आणि त्यावर फार्मासिस्ट म्हणून हस्तक्षेप करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

औषधवाटपाचे आकडे कसे लिहायचे हे मेडिकल दुकानात काम केलेल्यांना ठाऊक असते. फक्त ओपीडीच्या चिठ्ठ्या आणि वॉर्डातून येणारे इंडेंट वेगळे दाखवावेत, आणि खाटांची संख्या द्यावी, एवढे पुरे.

आता मुद्द्याचे. वॉरफरिन चालू असलेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल लिहून आले, तर संगणक लाल इशारा देतो. तो पाहून 'ओके' दाबणे हीसुद्धा तपासणीच ठरते. हस्तक्षेप त्यानंतर सुरू होतो. मेट्रोनिडाझोल यकृतातील वॉरफरिनचे विघटन मंदावते, त्यामुळे आयएनआर वाढून रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून फार्मासिस्ट आधीचा आयएनआर पाहतो, डॉक्टरांना फोन करून दुसरे प्रतिजैविक चालेल का हे विचारतो, चालत नसेल तर वॉरफरिनचा डोस कमी करून 3-4 दिवसांत आयएनआर पुन्हा तपासण्याचे सुचवतो, आणि डॉक्टरांनी सूचना स्वीकारली की नाही हे नोंदवहीत लिहितो. ही शेवटची नोंद नसेल, तर रेझ्युमेत लिहिण्याजोगे काही उरत नाही.

नमुन्यादाखल ओळ अशी असावी: 'आयपीडीतील औषधपत्रकांच्या पडताळणीत दरमहा सरासरी 40 हस्तक्षेप नोंदवले, त्यांपैकी 31 सूचना डॉक्टरांनी स्वीकारल्या; मुख्यतः वॉरफरिन आणि मूत्रपिंडाच्या कार्यानुसार डोस.' आकडे अर्थातच स्वतःच्या नोंदवहीतलेच हवेत, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न न स्वीकारलेल्या 9 सूचनांबद्दल येतो. 'हजारो इशारे हाताळले' असे लिहिणे मला मुळीच पटत नाही, कारण इशाऱ्यांची संख्या सॉफ्टवेअरच्या सेटिंगवर ठरते आणि त्यांतले बरेचसे क्षुल्लक असतात. रुग्णाची ओळख पटेल असा तपशील मात्र कुठेही देऊ नये.

स्टॉकबाबत, ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी काढण्याची पद्धत आणि मुदतबाह्य मालाचे घटलेले प्रमाण एका ओळीत मावते.

नियमपालनात 'सर्व कायदेशीर नोंदवह्या सांभाळल्या' हे वाक्य कृपया काढून टाकावे. शेड्यूल एच1 ची नोंदवही, जी 3 वर्षे जपावी लागते, आणि मॉर्फिनसारख्या अमली औषधांचा रोजचा हिशेब यांना लागू होणारे कायदे वेगळे आहेत, म्हणून त्यांतले कोणते काम स्वतःच्या सहीने होत होते ते स्वतंत्रपणे लिहावे. राज्य फार्मसी कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आणि त्याची वैधता मात्र पहिल्याच पानावर, नावाखाली असावी.