गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी: हेच चार वास का?

इंदूरला रामबागेत राहणाऱ्या माझ्या आत्याला २०२१च्या मे महिन्यात कोविड झाला आणि वास येईनासा झाला. ताप चार दिवसांत उतरला, पण दोन महिन्यांनीही पोह्यांवर भुरभुरलेलं जीरावन तिला नुसतं खारट-आंबट लागायचं. डॉक्टरांनी दुर्बिणीने नाक तपासलं आणि चिठ्ठीवर चार नावं लिहून दिली: गुलाब, लवंग, लिंबू, निलगिरी. रोज दोनदा हुंगायचं, किमान बारा आठवडे. "हा तर आजीचा बटवा झाला," आत्या म्हणाली. तिची समजूत काढता यावी म्हणून मी या चार नावांचा माग काढला.

तो माग १९१६ सालापर्यंत जातो. हान्स हेनिंग या जर्मन मानसशास्त्रज्ञाने तेव्हा सगळ्या वासांची मांडणी सहा मूळ प्रकारांत केली होती: फुलांचा, फळांचा, मसाल्याचा, राळेचा, जळका आणि कुजका. आज ही मांडणी शास्त्र म्हणून कुणी मानत नाही. पण जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुमेल यांना वास गेलेल्या रुग्णांसाठी एकमेकांपासून दूरचे वास हवे होते. त्यांनी जळका आणि कुजका सोडून उरलेल्या चार प्रकारांतून एकेक वास उचलला. फुलांचा गुलाब, फळांचा लिंबू, मसाल्याची लवंग, राळेची निलगिरी.

हुंगण्याने नाक सुधारू शकतं, ही कल्पना त्याआधीची. १९८९ साली फिलाडेल्फियात चार्ल्स वायसोकी आणि सहकाऱ्यांनी अँड्रोस्टेनोन नावाच्या पदार्थाचा वास मुळीच न येणाऱ्या वीस जणांना तो सहा आठवडे रोज हुंगायला दिला. त्यांतल्या दहा जणांना तो येऊ लागला. हुमेल यांनी हाच धागा आजारी नाकांकडे नेला. २००९च्या त्यांच्या अभ्यासात चाळीस जणांनी बारा आठवडे सराव केला, सोळा जणांनी केला नाही. सुधारणा सराव करणाऱ्यांच्या गटात दिसली, पण त्या गटातही सगळ्यांना नाही. नाकातल्या वास ओळखणाऱ्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, म्हणून या सरावाला काही अर्थ आहे.

आत्यासाठी आम्ही झाकणाच्या चार लहान काचेच्या बाटल्या घेतल्या. प्रत्येकीत कापसाचा बोळा आणि त्यावर त्या-त्या तेलाचे आठ-दहा थेंब, गुलाबासाठी अत्तर. बाटली नाकापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरायची आणि जोराने न ओढता ससा हुंगतो तसे छोटे-छोटे श्वास घ्यायचे, वीसेक सेकंद. मग अर्धा मिनिट थांबून पुढची. हुंगताना त्या वस्तूची आठवण मनात आणायची. लवंग हुंगताना आत्या दिवाळीतला मसालेभात आठवायची. सकाळी न्याहारीआधी एकदा, रात्री निजताना एकदा. तेल नाकात घालायचं नाही आणि बाटल्या मुलांच्या हाती लागू द्यायच्या नाहीत, कारण निलगिरीचं तेल पोटात गेलं तर विषारी असतं. वास विरला की बोळा बदलायचा.

सहाव्या आठवड्यात आत्या आनंदाने म्हणाली, "निलगिरी आली!" तिला डोळे मिटायला लावून मी तीच बाटली दिली, मग पुदिन्याच्या अर्काची, मग नुसत्या कापसाची. पुदिन्यालाही ती निलगिरीच म्हणाली. तिला जाणवत होता तो गारवा, वास नव्हे. गारवा आणि झणका चेहऱ्याच्या वेगळ्या नसेतून कळतात आणि ती नस बहुधा शाबूत असते. त्यामुळे निलगिरीवरून प्रगती मोजली की फसायला होतं. गुलाबात असा झणका जवळजवळ नसतो, म्हणून खरी कसोटी त्याचीच. तेव्हापासून दर रविवारी आम्ही डोळे मिटून परीक्षा घ्यायचो, एक कोरी बाटली मिसळून, आणि वहीत लिहायचो.

दहाव्या आठवड्यात लवंग "जळक्या रबरासारखी" येऊ लागली, कांद्याची फोडणी तर असह्य. आत्या घाबरली. पण वास मुळीच नसण्यापेक्षा वाकडा येणं ही पुष्कळदा चेतापेशी पुन्हा जुळत असल्याची खूण असते. सराव आम्ही थांबवला नाही, फक्त कांदा भाजताना ती गच्चीवर जायची.

बारा आठवडे संपले तेव्हा गुलाब आठवड्यातून एखाद्या वेळी अंधुक यायचा. २०१५ साली तुर्कस्तानातल्या एका अभ्यासात दर बारा आठवड्यांनी चार वास बदलून छत्तीस आठवडे सराव घेतला होता आणि तेच चार ठेवणाऱ्यांपेक्षा निकाल बरे आले होते. म्हणून मोगरा, संत्र्याची साल आणि ओवा आला. चौथी जीरावनची पुरचुंडी, मलमलमध्ये बांधलेली, कारण भुकटी नाकात गेली तर शिंका येतात. डोक्याला मार लागला असेल, एकाच नाकपुडीचा वास गेला असेल किंवा सर्दी-तापाशिवाय गेला असेल, तर मात्र आधी तपासणी, मग सराव.

वहीत तीसाव्या आठवड्याच्या रविवारी तिच्या अक्षरात आहे: गुलाब बरोबर, संत्रं बरोबर, कोरी बाटली बरोबर ओळखली, जीरावनमधला हिंग आला, ओवा नाही.