रुग्णांची यादी आमच्याकडे पाठवण्यापूर्वी : सही कशासाठी घेतली आहे, हे आधी पाहावे

ठाणे आणि नवी मुंबई परिसरातील लहान दवाखान्यांसाठी नोंदणीचे फॉर्म, भेटींची संगणकीय वही आणि रुग्णांना जाणारे स्मरणसंदेश ही कामे आम्ही करतो. हे पत्रक लिहिण्याचे कारण एकच आहे. दर सणाच्या आधी आमच्याकडे एक्सेलची मोठी यादी येते, सोबत सवलतीचा मजकूर येतो आणि दुसऱ्या दिवशी फोन येतो की मेसेज अजून का गेले नाहीत. आम्ही विचारतो की या रुग्णांनी असे संदेश घेण्यास संमती दिली आहे का, आणि जवळपास प्रत्येक वेळी उत्तर मिळते : "हो, प्रत्येकाची सही फाइलमध्ये आहे." ही सही शोधण्यात, तपासण्यात आणि ती उपयोगाची नाही हे सांगण्यात आपले व आमचे चार-पाच दिवस जातात.

फाइलमधली सही खरी असते, पण ती उपचाराच्या संमतीची असते. दाढ काढताना सूज येऊ शकते, भूल देताना त्रास होऊ शकतो, हे समजून घेऊन रुग्णाने तेथे सही केलेली असते. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 ज्या संमतीविषयी बोलतो ती वेगळी आहे. त्या कायद्याच्या कलम 6 नुसार संमती मोकळेपणाने दिलेली, ठरावीक हेतूपुरती, माहिती मिळाल्यानंतरची, बिनशर्त आणि स्पष्ट कृतीतून दिसणारी असावी लागते. उपचाराच्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात "माझी माहिती दवाखान्याच्या इतर कामांसाठी वापरण्यास हरकत नाही" अशी ओळ असली, तरी ती यांपैकी बहुतेक कसोट्यांवर टिकत नाही. ज्याचा गाल सुजला आहे तो माणूस ती ओळ वाचत नाही, वाचली तरी नाकारण्याची सोय त्या कागदावर नसते, आणि "इतर कामे" म्हणजे काय हे ती लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. पुढे वाद उद्भवला, तर कोणती माहिती कशासाठी घेतली जाते याची सूचना दिली होती आणि संमती घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी कायद्याने दवाखान्यावर टाकली आहे, रुग्णावर नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण काही डॉक्टर आता घाबरून प्रत्येक फोनसाठी संमतीपत्र मागू लागले आहेत. त्याची गरज नाही. रुग्णाने भेटीची वेळ घेण्यासाठी आपणहून नंबर दिला असेल आणि हरकत नोंदवली नसेल, तर त्याच कामासाठी तो वापरण्याची मुभा कलम 7 मध्ये आहे. कायद्यात दिलेले उदाहरण औषधाच्या दुकानाचे आहे : ग्राहकाने पैसे भरल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून नंबर दिला, तर दुकानदार त्या नंबरवर पोच पाठवू शकतो. म्हणून "उद्या सायंकाळी 6:30 वाजता आपली भेट ठरली आहे" या संदेशासाठी आम्ही कधीही संमतीचा पुरावा मागत नाही. आम्ही अडतो ते दुसऱ्या हेतूशी.

हेतूची मर्यादा म्हणजे काय, हे एका प्रसंगावरून लवकर कळेल. घोडबंदर रोडवरील एका दंतवैद्यक दवाखान्याकडून आमच्याकडे 1,860 ओळींची यादी आली. डॉक्टरांच्या जाऊबाईंनी वरच्या मजल्यावर त्वचारोगाचा दवाखाना सुरू केला होता आणि दिवाळीपूर्वी त्याची सवलत सर्वांना कळवायची होती. माणसे घरची, इमारत एक, रुग्णही ओळखीचे, त्यामुळे यात काही वावगे आहे असे डॉक्टर मॅडमना वाटले नव्हते. पण नंबर दातांसाठी दिलेला होता, तो वापरला जाणार होता त्वचेच्या सवलतीसाठी, आणि तोही वेगळ्या मालकीच्या दवाखान्यासाठी. हेतू बदलला आणि ज्याला माहिती दिली तो पक्षही बदलला. नातेसंबंधामुळे यातले काहीच माफ होत नाही.

आम्ही यादी परत पाठवली आणि स्वागतकक्षात ठेवण्यासाठी एक अर्ध्या पानाची चिठ्ठी छापून दिली. तिच्यावर कोणती माहिती घेतली जाते, कशासाठी घेतली जाते, नकार कसा द्यावा, संमती मागे कशी घ्यावी आणि तक्रार कोठे करावी एवढेच होते, मराठीत एका बाजूला आणि इंग्रजीत दुसऱ्या बाजूला. खाली दोन वेगळ्या चौकटी होत्या, दोन्ही कोऱ्या : "या दवाखान्याच्या दंततपासणी व सवलतींची माहिती मला मोबाइलवर चालेल" आणि "वरच्या मजल्यावरील त्वचारोग दवाखान्याची माहिती मला चालेल, त्यासाठी माझे नाव व नंबर त्यांना द्यावा." आधीच खूण केलेली चौकट आम्ही छापत नाही, कारण रुग्णाने स्वतः काही केल्याचे तिच्यातून दिसत नाही. तीन महिन्यांत 340 चिठ्ठ्या भरून आल्या. पहिल्या चौकटीत 121 जणांनी खूण केली, दुसरीत 47 जणांनी. मॅडम आम्हाला म्हणाल्या, "सत्तेचाळीस माणसांसाठी एवढा खटाटोप?" त्यांची नाराजी आम्हाला समजते, कारण 1,860 संदेश एका दुपारी गेले असते. पण ज्यांना नको होते त्यांच्यापैकी एकानेही तक्रार केली, तर उत्तर देण्यासाठी कायद्यासमोर उभा राहणार तो दवाखाना. आपल्या वतीने काम करणाऱ्या आमच्यासारख्या संस्थेकडून चूक झाली तरीही जबाबदारी आपल्याकडेच राहते. त्यामुळे आमचा नकार हा आपल्या कामात खोडा आहे, असे कृपया समजू नये.

त्याच यादीत 18 वर्षांखालील रुग्णांच्याही ओळी होत्या. मुलांना उद्देशून केलेल्या लक्ष्यित जाहिरातीला कायद्यात मनाई आहे, म्हणून अशा ओळी सवलतीच्या यादीतून आम्ही सरसकट वगळतो.

आता फॉर्मवरील रकान्यांविषयी. संमती घेतली तरी ती हेतूसाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती मर्यादित राहते. कायद्यातील उदाहरण असे आहे की दूरवैद्यकीय सल्ल्याच्या अ‍ॅपने फोनमधील संपर्कांची यादीही मागितली आणि रुग्णाने "हो" म्हटले, तरी ती यादी सल्ल्यासाठी आवश्यक नसल्याने तिच्यापुरती ती संमती धरली जात नाही. वरील दवाखान्याच्या जुन्या फॉर्मवर आधार क्रमांक, व्यवसाय, वैवाहिक स्थिती आणि लग्नाचा वाढदिवस असे रकाने होते. लग्नाचा वाढदिवस कशाला, असे विचारल्यावर कळले की पूर्वीच्या संगणक विक्रेत्याने शुभेच्छा पाठवण्याची सोय दिली होती, म्हणून तो रकाना होता. हे चारही आम्ही काढले. जन्मतारखेच्या जागी वय ठेवले. मधुमेह, रक्तदाब, औषधांची अ‍ॅलर्जी आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे प्रश्न मात्र ठळक केले, कारण दाढ काढण्यापूर्वी ते विचारलेच पाहिजेत. पत्ताही काढावा असे डॉक्टरांचे म्हणणे होते, तेथे आम्हीच थांबवले : औषधाच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव आणि पत्ता लागतो. कमीत कमी माहिती म्हणजे दिसेल तो रकाना खोडणे नव्हे. प्रत्येक रकान्यापुढे त्याचे काम लिहिता आले पाहिजे, आणि जेथे लिहिता येत नाही तो रकाना जावा.

हाच नियम संदेशाच्या मजकुरालाही लागतो. अनेक घरांत सुनेच्या नावापुढे सासऱ्यांचा नंबर असतो. त्यावर उपचाराचे नाव गेले की घरात चौकशी सुरू होते. म्हणून आमच्या स्मरणसंदेशात दवाखान्याचे नाव, दिवस आणि वेळ असते, उपचार नसतो. आपण आग्रह केला तरी आम्ही तो घालत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक मात्र यापुढची आहे. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असावे, असे कायदा सांगतो. एका खुणेने दिलेली संमती मागे घेण्यासाठी लेखी अर्ज मागता येत नाही. स्वागतकक्षात फोनवर सांगितले तरी पुरते. असा फोन आला की आमच्या वहीत त्या नावापुढे "सवलत नको" अशी खूण होते आणि भेटीचे स्मरण तेवढे चालू राहते. नाव सरसकट पुसले तर चालू उपचाराची नोंदही जाईल, जी आपल्याला ठेवावी लागते. गडबड होते ती येथे : सहा महिन्यांनी नवीन कर्मचारी येतो, डेस्कटॉपवरची जुनी एक्सेल सापडते, ती पुन्हा चढवली जाते, आणि ज्यांनी नको म्हटले होते ते सगळे निमूटपणे यादीत परत येतात. पुढच्या सणाला त्यांना संदेश जातो आणि फोन येतो तो रागाचा. हे ओळखण्याची खूण सोपी आहे : यादी चढवल्यावर "सवलत नको" असलेल्यांची संख्या अचानक कमी किंवा शून्य दिसली, तर जुनी फाइल आली आहे. आमच्या नव्या वहीत असे झाले की चढवणे आपोआप थांबते आणि दोन्ही याद्या शेजारी-शेजारी दिसतात. जुनी वही वापरणाऱ्यांनी निदान डेस्कटॉपवरच्या प्रती काढून टाकाव्यात.

अजून घाई कशाला, असेही विचारले जाते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि सूचना व संमतीच्या मुख्य तरतुदींना 18 महिन्यांची, म्हणजे मे 2027 पर्यंतची मुदत आहे, हे खरे आहे. परंतु आज भरलेले फॉर्म तेव्हाही आपल्या वहीत असतील. त्या आधी संमती दिलेल्या रुग्णांनाही नंतर सूचना द्यावी लागणार आहे, आणि मुळात संमती होती हे तेव्हा दाखवता यायला हवे. दंडाचे 250 कोटींपर्यंतचे आकडे दाखवून फॉर्म विकणारे सध्या बरेच फिरत आहेत. ती कमाल मर्यादा आहे, माहितीची सुरक्षा न राखल्याबद्दलची, आणि रक्कम ठरवताना उल्लंघनाचे गांभीर्य पाहिले जाते. दोन खुर्च्यांच्या दवाखान्याला तो आकडा सांगून घाबरवणे आम्हाला पटत नाही.

यापुढे सवलतीच्या संदेशासाठी यादी पाठवताना तिच्यात नाव, नंबर, संमतीचा हेतू आणि संमतीची तारीख असे चारच स्तंभ असावेत. उपचार, वय किंवा पत्ता पाठवू नये; 18 वर्षांखालील रुग्णांच्या ओळी आधीच वगळाव्यात. तारीख नसलेल्या ओळी आम्ही बाजूला काढून परत देतो आणि उरलेल्यांना संदेश त्याच दिवशी जातात. ज्यांच्याकडे असा स्तंभच नाही, त्यांना वर सांगितलेली चिठ्ठी आपल्या दवाखान्याच्या नावासह दोन भाषांत तयार करून मिळेल. वार्षिक देखभाल करार असलेल्यांना तिचे वेगळे शुल्क लागत नाही; इतरांकडून फक्त छपाईचा खर्च घेतला जातो. जुना फॉर्म सोबत आणल्यास कोणता रकाना का ठेवावा, हे पाचपाखाडीतील कार्यालयात बसून अर्ध्या तासात ठरवता येते. फॉर्म मात्र कोरा आणावा, कोणा रुग्णाने भरलेला नको.