बाळाचे चपटे डोके : माथ्यावरून घेतलेला फोटो आणि प्रत्यक्ष तपासणी

तान्ह्या बाळाच्या डोक्याची मागची एक बाजू बसकी दिसणे, याला वैद्यकात प्लेजिओसेफली म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तिरपे डोके’. बहुतेक वेळा हा आकार बाळाच्या झोपण्याच्या सवयीतून येतो. क्वचित मात्र कवटीची एखादी शिवण वेळेआधी जुळल्यामुळे तो येतो, आणि ती गोष्ट पूर्ण वेगळी आहे. इंदूरच्या रामबागेसारख्या वस्तीतल्या मराठी घरांत आजी हात फिरवून ‘डोकं एका अंगाला बसलंय’ असे म्हणते. हल्ली त्यानंतर मोबाइलवर माथ्यावरून फोटो निघतो आणि व्हॉट्सॲपवर डॉक्टरांकडे जातो. फोटो उपयोगी असतो, पण वरच्या दोन कारणांतले कोणते, हे तो एकटा ठरवू शकत नाही.

जन्माच्या वेळी कवटीची हाडे सुटी असतात. त्यांच्यामधल्या फटींना शिवणी म्हणतात, आणि पुढच्या शिवणी जिथे भेटतात ती मऊ जागा म्हणजे टाळू. पहिल्या तीन महिन्यांत डोक्याचा घेर दरमहा साधारण २ सेंटिमीटरने वाढतो. वाढते, मऊ हाड रोज एकाच जागी गादीवर टेकले, तर तिथली वाढ अडते आणि बाजूला सरकते. आकस्मिक बालमृत्यू टाळण्यासाठी बाळाला उताणे झोपवण्याचा सल्ला अमेरिकेत १९९२ पासून दिला जाऊ लागला, आणि त्यानंतर चपट्या डोक्यांचे प्रमाण वाढलेले दिसले. तरीही तो सल्ला बदललेला नाही. चपटेपणा भरून येऊ शकतो, हा हिशेब त्यामागे आहे.

माथ्यावरून पाहताना नेमके काय पाहायचे? समजा उजवी मागची बाजू बसकी आहे. झोपण्यामुळे आलेल्या प्रकारात त्या बाजूचा सगळा भाग जणू मागून ढकललेला असतो. उजवा कान पुढे सरकलेला, उजवे कपाळही थोडे पुढे आलेले. वरून आकार समांतरभुज चौकोनासारखा दिसतो. मागची लॅम्डॉइड शिवण जुळलेली असेल तर चित्र वेगळे असते. तिथे वाढ थांबलेली असते, ढकललेली नसते. त्या बाजूचा कान पुढे जात नाही, बहुधा मागे आणि खाली ओढल्यासारखा दिसतो, त्यामागचे हाड फुगीर लागते, आणि वरून आकार समलंब चौकोनाकडे झुकतो. हा प्रकार फार दुर्मीळ आहे. कानाच्या जागेची खूण डॉक्टरांना मोलाची वाटते, पण ती एकटी निर्णायक नसते. काही बाळांत ती फसवतेही.

फोटोची पहिली अडचण मोबाइलमध्येच असते. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत लेन्सच्या जवळचा भाग मोठा आणि लांबचा लहान दिसतो. बाळाने मान जराशी कलती केली की सरळ डोकेही तिरपे भासते. जावळ दाट असेल तर कड नीट कळत नाही. म्हणून केस ओले करून चापून बसवावेत, बाळाला कुणीतरी मांडीवर सरळ बसवावे, मोबाइल बराच वर धरून झूम वापरावा, आणि नाकाचे टोक व दोन्ही कान चौकटीत येतील असे पाहावे. नाकाशिवाय मध्यरेषा ठरत नाही. अशा पाच-सहा आठवड्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन फोटोंची तुलना एका फोटोपेक्षा जास्त सांगते.

पण हाताला कळते ते फोटोत येत नाही. उदाहरण म्हणून चार महिन्यांचा एक मुलगा घेऊ, उजवी मागची बाजू बसकी असलेला. डॉक्टर आधी एकच प्रश्न विचारतात: जन्मतः असे होते का? आई सांगते की नाही, दीड महिन्यानंतर लक्षात आले, आणि बाळ सारखे उजवीकडेच बघते. झोपण्यामुळे येणारा चपटेपणा बहुधा असाच, जन्मानंतर काही आठवड्यांनी येतो. जन्मापासून असलेला आणि महिन्यागणिक वाढत जाणारा वेडावाकडा आकार शिवणीचा संशय वाढवतो.

मग डॉक्टर बाळाच्या मागे उभे राहून वरून पाहतात आणि दोन्ही कानांत एकेक तर्जनी हलकेच टेकवतात. बोटांच्या जागेवरून कोणता कान पुढे आहे ते चटकन कळते. या मुलाचा उजवा कान पुढे आहे. त्यानंतर शिवणींवरून बोट फिरते. सुट्या शिवणीच्या जागी जराशी फट किंवा सपाट रेघ लागते; जुळलेल्या शिवणीवर कधी कधी उंचवटा, म्हणजे कडा, लागतो. टाळू उघडी आणि मऊ आहे. घेर ४१.५ सेंटिमीटर, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर मध्याच्या जवळ. एका मापापेक्षा मागच्या भेटींच्या मापांवरून काढलेली रेषा महत्त्वाची: घेर वाढायचा थांबला किंवा एकदम उसळला, तर आकाराआधी त्याचा विचार होतो.

पुढे कॅलिपर या चिमट्यासारख्या मापकाने दोन तिरक्या रेषा मोजतात, प्रत्येक रेषा कपाळाच्या एका बाजूपासून मागच्या विरुद्ध बाजूपर्यंत. इथे त्या १३१ आणि १२२ मिलिमीटर, फरक ९. एका प्रचलित वर्गवारीत ३ पर्यंतचा फरक सर्वसाधारण आणि १२ च्या वरचा तीव्र धरतात, पण वर्गवाऱ्या एकसारख्या नाहीत. हा फरक फोटोवरून काढता येत नाही, कारण त्यात मोजपट्टी नसते.

शेवटची पायरी बरेच जण विसरतात, आणि माझ्या मते तीच सर्वांत कामाची आहे: मान. डॉक्टर खांदे धरून बाळाची हनुवटी दोन्ही खांद्यांकडे वळवून पाहतात. या मुलाची हनुवटी उजव्या खांद्यापर्यंत सहज जाते, डावीकडे मध्येच अडते, आणि डोके डावीकडे कलते. डाव्या कानामागून छातीच्या वरच्या हाडाकडे जाणारा स्नायू आखडलेला आहे. तो तोंड उजवीकडे वळवून ठेवतो, म्हणून बाळ रोज उजव्या मागच्या बाजूवर टेकते. म्हणजे डोक्याचा प्रश्न मानेत आहे. कधी त्या स्नायूत बोराएवढी गाठही लागते. अशा बाळाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवतात आणि मान ताणायची पद्धत आईला शिकवतात.

आकार, कान, शिवणी आणि वाढ यांचा मेळ बसत असेल तर स्कॅन लागत नाही. शिवणीचा संशय असेल तेव्हा सोनोग्राफी किंवा सी.टी. स्कॅन आणि न्यूरोसर्जनचा सल्ला लागतो. खरी जुळलेली शिवण उशा-व्यायामाने सुटत नाही, तिला शस्त्रक्रिया लागते, आणि ती बहुधा पहिल्या वर्षात करतात.

उपचाराच्या नावाने घरात येते ती राईची उशी. बाळाच्या झोपेच्या जागी उशी ठेवणे सुरक्षित मानले जात नाही, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशांविरुद्ध इशारा दिला. मालीश करणाऱ्या बाईने डोके दाबून गोल करणे हेही कामाचे नाही. त्याऐवजी बाळ जागे असताना, कुणीतरी समोर बसून, दिवसातून अनेकदा थोडा वेळ पालथे ठेवावे, आणि खिडकी किंवा खेळणे बाळ कमी बघते त्या बाजूला, या मुलाच्या बाबतीत डावीकडे, येईल असा पलंगाचा उशाकडचा भाग फिरवावा. डोक्याला आकार देण्यासाठी बाळाला घालतात त्या हेल्मेटबाबत मतभेद आहेत: २०१४ साली नेदरलँड्समधील ८४ बाळांच्या अभ्यासात मध्यम ते तीव्र चपटेपणात हेल्मेटने निव्वळ वाट पाहण्यापेक्षा विशेष फरक पडला नाही.