तापलेले तांबे आणि तापलेले सिलिकॉन

घरातल्या वायरिंगमध्ये वापरतात तशी १.५ चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार घेऊ आणि तिच्यातून ३ अँपिअर एवढी एकाच दिशेची विद्युतधारा वाहते असे मानू. तांब्याच्या एका घनमीटरात सुमारे ८.५ × १०²⁸ मुक्त इलेक्ट्रॉन असतात. धारा, तारेचा छेद, इलेक्ट्रॉनांची घनता आणि प्रत्येकावरचा प्रभार यांना जोडणारे v = I/(nAe) हे सूत्र वापरले, तर इलेक्ट्रॉन पुढे सरकण्याचा सरासरी वेग, म्हणजेच ड्रिफ्ट वेग, सेकंदाला सुमारे ०.१५ मिलिमीटर येतो. या वेगाने तासाभरात जेमतेम अर्धा मीटर अंतर कापले जाईल. तरीही बटण दाबताच दिवा लागतो, कारण तारेतले विद्युत क्षेत्र प्रकाशाच्या वेगाशी तुलना करता येईल अशा वेगाने प्रस्थापित होते आणि तारेत सर्वत्र आधीपासून असलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ एकाच वेळी सरकू लागतात.

हे इलेक्ट्रॉन मुळात संथ नाहीत. धारा नसतानाही ते तांब्यात सेकंदाला सुमारे १,६०० किलोमीटर या वेगाने सर्व दिशांना धावत असतात. मात्र सगळ्या दिशा सारख्याच असल्यामुळे निव्वळ प्रवास शून्य होतो. विद्युत क्षेत्र लावले की प्रत्येक इलेक्ट्रॉन एका दिशेने किंचित ओढला जातो, पण सरासरी २.५ × १०⁻¹⁴ सेकंदांत कशाला तरी धडकून ती मिळकत गमावतो आणि पुन्हा नव्याने सुरुवात करतो. या दोन धडकांमधल्या काळाला τ म्हटले, तर पदार्थाची रोधकता ρ = m/(ne²τ) अशी लिहिता येते. येथे m आणि e हे इलेक्ट्रॉनचे वस्तुमान आणि प्रभार आहेत. त्यामुळे तापमानाचा परिणाम घडायचा तर तो मुख्यतः मुक्त वाहकांची संख्या n किंवा धडकांमधला काळ τ यांच्यामार्फतच घडू शकतो.

धातूत n जवळपास स्थिर राहते, कारण मुक्त होण्यासारखे इलेक्ट्रॉन आधीच मुक्त झालेले असतात. बदलते ती τ. इलेक्ट्रॉन धातूच्या आयनांवर आदळतात असे सर्रास लिहिले जाते, पण ते तितकेसे अचूक नाही: आयनांची रचना पूर्णपणे निर्दोष आणि स्थिर असती, तर क्वांटम सिद्धांतानुसार इलेक्ट्रॉन तिच्यातून विनाअडथळा गेले असते. नेहमीच्या तापमानाला तांब्यातला इलेक्ट्रॉन दोन धडकांदरम्यान शंभराहून अधिक अणू ओलांडून जातो, हे त्याशिवाय समजत नाही. अडथळा आणतात ती आयनांची कंपने आणि रचनेतले दोष. तापमान वाढले की कंपने वाढतात, τ घटते आणि तांब्याची रोधकता दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढते. टंगस्टनच्या तारेचा जुना १०० वॅटचा दिवा पेटलेला असताना तिचा रोध सुमारे ५०० ओहम असतो, तर थंड असताना तो त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षाही कमी भरतो. म्हणूनच दिवा लावण्याच्या क्षणी धारेचा मोठा झटका बसतो, आणि झिजलेली तार बहुधा त्याच क्षणी तुटते.

शुद्ध सिलिकॉन या अर्धवाहकात चित्र उलटते. तेथे इलेक्ट्रॉन बंधांमध्ये अडकलेले असतात आणि मुक्त होण्यासाठी त्यांना सुमारे १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, तर नेहमीच्या तापमानाला उष्णतेतून मिळणाऱ्या ऊर्जेचे प्रमाण सुमारे ०.०२६ इलेक्ट्रॉनव्होल्ट एवढेच असते. त्यामुळे अगदी थोडेच सुटतात, पण त्यांची संख्या तापमानाबरोबर घातांकी रीतीने वाढते. २७ अंश सेल्सिअसवरून ७७ अंशांवर गेल्यास कंपने सिलिकॉनमध्येही वाढतात आणि वाहकांची गतिशीलता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते. त्याच वेळी मुक्त वाहक मात्र पंचवीस ते तीस पट होतात. परिणामी रोधकता सुमारे विसाव्या हिश्श्यावर येते. एवढ्याच ५० अंशांत तांब्याची रोधकता सुमारे २० टक्के वाढलेली असते. तापल्यावर चांगले वहन करणाऱ्या पदार्थाचे असे वर्तन मायकेल फॅरडे यांनी १८३३ मध्ये सिल्व्हर सल्फाइडमध्ये नोंदवले होते; त्याचा उलगडा होण्यास पुढे जवळजवळ शतक लागले.

मात्र ‘अर्धवाहक तापला की रोध घटतो’ हा नियम सरसकट लावला, तर प्रत्यक्ष उपकरणांत फसगत होते. चिपमधल्या सिलिकॉनमध्ये फॉस्फरस किंवा बोरॉन मुद्दाम मिसळलेले असते आणि नेहमीच्या तापमानाला वाहकांची संख्या त्या मिश्रणावरून ठरते, म्हणजे ती धातूप्रमाणे जवळपास स्थिर असते. मग कंपनांचा परिणाम वरचढ ठरतो आणि रोध तापमानाबरोबर वाढतो. पॉवर मॉस्फेट, म्हणजे मोठ्या धारा चालू-बंद करणारे ट्रान्झिस्टर, समांतर जोडता येतात ते याच गुणामुळे: पूर्ण चालू अवस्थेत त्यांतला एखादा अधिक तापला, तर त्याचा रोध वाढून काही धारा आपोआप शेजाऱ्याकडे वळते. तापमान आणखी चढवत नेले, तर बंध तुटून मुक्त होणारे वाहक मिश्रणातून आलेल्यांपेक्षा जास्त होतात. मिश्रण विरळ असेल, तर हा बदल दोनशे अंशांच्या वर कधीतरी घडतो. तेथून पुढे रोध पुन्हा घटू लागतो, त्यामुळे धारा वाढते, वाढलेली धारा आणखी उष्णता निर्माण करते आणि उपकरण जळते.