मॉक ड्रिलनंतरच्या बैठकीचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आल्यावर त्याचं काय होतं

सायरन वाजतो, लोक बाहेर पडतात, डोकी मोजली जातात, ‘ऑल क्लिअर’ होतं. मग कँटीनमध्ये चहा येतो आणि सगळे बसून काय झालं ते बोलतात. ही बैठक तुम्ही मोबाइलवर रेकॉर्ड करता आणि ती फाइल आमच्याकडे पाठवता. आम्ही तिचा तीन भागांचा सारांश करून देतो: काय शिकलो, कुठे त्रुटी सापडल्या, आणि कोणती दुरुस्ती कुणाकडे सोपवली. हे काम आम्ही कसं करतो आणि तुमच्याकडून काय लागतं, ते या पत्रकात एका उदाहरणातून सांगतो. उदाहरण सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या मासळी गोठवणाऱ्या कारखान्याचं आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

कारखान्याची मांडणी आधी डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला जेटी, पूर्वेला रस्ता आणि मेन गेट, मधोमध कॉम्प्रेसर रूम. अमोनियाच्या रिसीव्हरच्या व्हॉल्व्हमधून गळती झाली असं धरून दुपारी तीनच्या सुमाराला ड्रिल झाली. जमण्याची जागा, म्हणजे असेंब्ली पॉइंट, गेटजवळच्या पार्किंगमध्ये. बैठक ४२ मिनिटांची.

पहिल्यांदा आम्ही रेकॉर्डिंग काही न लिहिता नुसतं ऐकतो. कोण कोणाचा आवाज, कोण मराठीत बोलतं, कोण मालवणीत, कोण हिंदीत, पंख्याच्या आवाजात कुठली वाक्यं बुडाली, एवढंच या वेळी लक्षात घ्यायचं. दुसऱ्या वेळी मिनिटांच्या खुणा करत प्रत्येक विधान वेगळं काढतो आणि त्याच्यापुढे तीनपैकी एक खूण करतो: बोलणाऱ्याने स्वतः पाहिलं, दुसऱ्याकडून ऐकलं, की त्याचा अंदाज आहे. ही खूण नसेल तर सारांशात सगळी वाक्यं सारख्याच वजनाची दिसतात, आणि साहेबांचा अंदाज कामगाराने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीच्या वर जाऊन बसतो.

वेळांचं उदाहरण घ्या. प्रॉडक्शन सुपरवायझर चौथ्या मिनिटाला म्हणाले, “पाच मिनिटांत सगळे बाहेर होते.” गेटच्या रजिस्टरमध्ये सायरन ३.१० ला आणि शेवटचा माणूस पार्किंगमध्ये पोचला ३.१९ ला. सीसीटीव्हीवर मात्र हेच दोन प्रसंग ३.१७ आणि ३.२६ चे दिसत होते. म्हणजे कॅमेऱ्याचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, पण दोन्हीकडे मधलं अंतर नऊ मिनिटांचंच निघालं. सारांशात आम्ही नऊ लिहिलं आणि शेजारी आधार नोंदवला. सुपरवायझर खोटं बोलत नव्हते. त्यांच्या विभागाची माणसं बहुधा पाच मिनिटांत आलीही असतील. अशा वेळी आम्ही “सुपरवायझरांच्या म्हणण्यानुसार पाच, नोंदीनुसार नऊ” असं दोन्ही ठेवतो. सरासरी काढून सात लिहिणं हा सगळ्यात वाईट मार्ग, आणि तसे अहवाल आम्ही पाहिले आहेत.

आता या बैठकीतला मुख्य भाग. गेटच्या यादीत ६२ जण आत होते, पार्किंगमध्ये ५९ भरले. कंत्राटदाराकडच्या तिघी सापडेनात. नंतर कळलं की त्या पीलिंग शेडमधून जेटीकडच्या दाराने बाहेर पडल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. यावर बैठकीत बराच वेळ गेला. “त्यांना असेंब्ली पॉइंट माहीत नाही, प्रशिक्षण द्यायला हवं,” असा सूर निघाला आणि विषय तिथेच मिटल्यासारखा झाला. घाईने सारांश करणारा इथे “त्रुटी: कंत्राटी कामगारांत जागरूकतेचा अभाव, दुरुस्ती: प्रशिक्षण” असं लिहून मोकळा होईल.

पण २३ व्या मिनिटाला पॅकिंगमधले एक जण मालवणीत बोलून गेले, “गेटार उभे होतो तेव्हा वारो आमच्याच आंगार येय होतो.” कुणीतरी “म्हणजे आपण सगळे गेलोच” असं म्हणालं, हशा झाला, बोलणं चहाकडे वळलं. त्या वेळी कुणीही हा धागा उचलला नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्याला यातलं वेगळं सांगायला नको. पावसाळा सोडला तर रात्री आणि सकाळी लवकर मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो, आणि ऊन चढलं की खारा वारा समुद्राकडून आत येतो. गेट पूर्वेला. म्हणजे सकाळच्या वाऱ्यात तिथे उभं राहणं बरोबर, पण दुपारी कॉम्प्रेसर रूममधून सुटलेला वायू थेट पार्किंगवर. पावसाळ्यात तर नैऋत्येचा वारा दिवसभर समुद्राकडूनच असतो. त्या कारखान्याच्या आधीच्या अहवालांवरच्या वेळा पाहिल्या, तर सगळ्या ड्रिल सकाळी साडेआठच्या आसपास झालेल्या. त्यामुळे ही गोष्ट तोवर कुणाच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं.

मग सहाव्या मिनिटाचं वाक्य पुन्हा ऐकलं. मॅनेजर म्हणाले होते, “अमोनिया हलका, तो वर निघून जातो.” हे अर्धंच खरं आहे. अमोनियाची वाफ हवेपेक्षा हलकी असते, पण दाबाखाली साठवलेला द्रव अमोनिया बाहेरच्या हवेच्या दाबाला उणे ३३ अंश सेल्सिअसलाच उकळतो. तो गळला की बाहेर पडणारी वाफ इतकी थंड असते की आपल्याकडच्या दमट हवेत तिचं धुकं होतं आणि ते काही काळ जमिनीलगत सरकत राहतं. वारा असेल तिकडे ते जातं. हवेच्या दहा लाख भागांत अमोनियाचे ३०० भाग झाले, तर ती पातळी जीवाला तात्काळ धोक्याची मानतात. सारांशात आम्ही मॅनेजरांचं वाक्य बदलत नाही, खोडतही नाही. ते जसं आहे तसं ठेवून शेजारी “सेफ्टी ऑफिसरांनी तपासावं” अशी टीप देतो. बैठकीत न झालेली चर्चा झाल्यासारखी दाखवणं आमच्या कामात बसत नाही.

आता त्या तिघींकडे परत पाहा. जेटीवर त्यांची पाठ समुद्राकडे होती, वारा समुद्राकडून येत होता. ठरलेल्या जागी यायचं तर त्यांना कॉम्प्रेसर रूमच्या शेजारून, वायू जातो त्याच दिशेने चालत यावं लागलं असतं. नियमाने त्या चुकल्या, पण खरी गळती असती तर त्या ५९ जणांपेक्षा त्याच सुरक्षित राहिल्या असत्या. त्यांना प्रशिक्षण देऊन पार्किंगमध्ये आणायचं म्हटलं असतं, तर कारखान्याने स्वतःच्या पैशाने धोका वाढवून घेतला असता.

या भागाचा सारांश शेवटी असा झाला:

त्रुटी १: जमण्याची जागा एकच आहे आणि दुपारी ती वाऱ्याच्या दिशेत येते (मिनिट २३, पाहिलेलं). वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक कॉम्प्रेसर रूमच्या छतावर असून पीलिंग शेडमधून दिसत नाही (मिनिट २६, पाहिलेलं).

त्रुटी २: कंत्राटी कामगारांची हजेरी गेटवर नव्हती, कंत्राटदाराच्या मुकादमाच्या खिशात होती. त्यामुळे कोण कमी आहे हे नावानिशी कळायला वेळ लागला (मिनिट १४, पाहिलेलं).

धडा: कुठे जमायचं ते सायरनच्या वेळचा वारा पाहून ठरायला हवं.

दुरुस्ती, सोपवलेली: टाइमकीपर रोज सकाळी नऊ आणि दुपारी दोनला कंत्राटी हजेरीची प्रत गेटवर देतील, येत्या सोमवारपासून (मिनिट १७; स्वतः कबूल केलं).

दुरुस्ती, न सोपवलेली: जमण्याची दुसरी जागा. “बघायला हवी” (मिनिट ३१, मॅनेजर), “जेटीकडे करूया” (मिनिट ३१, सेफ्टी ऑफिसर). कुणी घेतली नाही, तारीख नाही.

सगळ्यात जास्त वाद या शेवटच्या दोन नोंदींतल्या फरकावर होतात. “करून घेऊ”, “बघूया”, “व्हायला पाहिजे” ही वाक्यं बैठकीत ठरावासारखी वाजतात, पण त्यांत करणारा माणूस नसतो. आमचा नियम साधा आहे. नेमक्या माणसाने नेमकं काम नेमक्या तारखेपर्यंत करतो असं रेकॉर्डिंगमध्ये म्हटलं, किंवा त्याला सांगितल्यावर हो म्हटलं, तरच ते ‘सोपवलेलं’. बाकी सगळं प्रश्नपत्रकात जातं आणि तुमच्याकडे परत येतं. गप्प बसणं म्हणजे होकार असं आम्ही धरत नाही. प्रश्नपत्रक पाहून काही ग्राहक वैतागतात, “तुम्हीच टाका ना कुणाचं तरी नाव” म्हणतात. ते आम्ही करत नाही.

या कारखान्याने प्रश्नपत्रक भरलं तेव्हा दुसऱ्या जागेचं काम सेफ्टी ऑफिसरांनी घेतलं. जेटी ही बंद टोकाची जागा, वारा फिरला तर तिथून बाहेर कसं पडायचं हा प्रश्न त्यांनीच काढला आणि कुंपणात जेटीलगत एक फाटक पाडायचं ठरलं. फाटक होईपर्यंतची सोयही लिहून घेतली: विंडसॉक दिसेल असा दुसरा खांब, आणि सायरन देणाऱ्या सुरक्षारक्षकाने वारा पाहून माइकवर “गेट” किंवा “जेटी” एवढंच सांगायचं. प्रत्येक दुरुस्तीपुढे ती झाली हे कशावरून मानायचं, तेही आम्ही विचारतो. इथे उत्तर होतं: फाटकाचा फोटो, आणि पुढची ड्रिल मुद्दाम दुपारी.

नावांबद्दल. त्रुटीच्या रकान्यात आम्ही फक्त पद लिहितो, दुरुस्तीच्या रकान्यात पद आणि नाव दोन्ही. त्रुटीपुढे नाव आलं की पुढच्या बैठकीत माणसं तोंड उघडत नाहीत, आणि २३ व्या मिनिटासारखं वाक्य मग कधीच मिळत नाही.

जे बोललंच गेलं नाही ते आमच्या सारांशात येऊ शकत नाही. वरच्या बैठकीत कॉम्प्रेसर ऑपरेटर हजर होते पण एक शब्दही बोलले नाहीत. व्हॉल्व्ह बंद करायला कोण गेलं, श्वसनयंत्र घालून गेलं का, हे त्यामुळे कळलं नाही. अशा वेळी “या विषयावर रेकॉर्डिंगमध्ये काही नाही” अशी ओळ आम्ही घालतो. आम्ही सुरक्षा लेखापरीक्षक नाही आणि ड्रिल बरोबर झाल्याचं प्रमाणपत्रही देत नाही. धोकादायक रसायनांबाबतच्या १९८९ च्या नियमांनुसार ज्या कारखान्यांना ऑनसाइट आपत्कालीन आराखडा लागू आहे, त्यांना दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करून तपशीलवार अहवाल द्यावा लागतो. आमचा सारांश त्या अहवालाचा कच्चा माल आहे, अहवाल तुमच्या सहीनेच जायचा.

पाठवताना रेकॉर्डिंगबरोबर आराखड्यातली त्या प्रसंगाची पानं, गेट रजिस्टरचा फोटो आणि ड्रिल पाहणाऱ्या निरीक्षकांचे कागद द्या. रेकॉर्डिंग होत आहे हे सुरुवातीला सगळ्यांना सांगा, आणि प्रत्येकाला आपलं नाव व पद एकदा मोठ्याने बोलायला लावा. आवाज ओळखण्यातला आमचा निम्मा वेळ त्याने वाचतो. बैठक ड्रिलनंतर लगेच घ्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आठवणी एकमेकांशी जुळायला लागतात. फोन टेबलाच्या मध्ये, पंख्यापासून दूर ठेवा. एका तासाच्या रेकॉर्डिंगचा पहिला मसुदा आणि प्रश्नपत्रक दोन कामाच्या दिवसांत मिळतं. तुम्ही अंतिम प्रत मंजूर केली की मूळ फाइल आम्ही आमच्याकडून पुसतो, तेव्हा तुमची प्रत जपून ठेवा.